अपील, पुनर्विलोकन की पुनरीक्षण? दिवाणी प्रक्रिया संहितेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करणारे आणि नुकतीच सनद मिळालेले वकील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ‘कलम’ म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम. दुसरा कायदा असेल तिथे त्याचं नाव दिलं आहे. कोर्टाच्या निर्देशाला सगळीकडे ‘हुकूम’ म्हटलं आहे आणि संहितेच्या पहिल्या अनुसूचीतल्या ऑर्डरला ‘ऑर्डर’च ठेवलं आहे, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही.

१. तिन्हींतला मूळ फरक एका परिच्छेदात कसा सांगायचा?

अपील वरच्या न्यायालयात जातं. तिथे वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात; निदान पहिल्या अपिलात तरी. पुनर्विलोकन, म्हणजे रिव्ह्यू, त्याच न्यायालयापुढे आणि शक्यतो त्याच न्यायाधीशापुढे चालतं (कलम ११४ व ऑर्डर ४७), आणि त्याची कारणं मोजकी आहेत. पुनरीक्षण, म्हणजे रिव्हिजन, फक्त उच्च न्यायालयात होतं (कलम ११५). तिथे खालच्या न्यायालयाचा निकाल बरोबर होता का, हा प्रश्नच नसतो. त्याने आपल्या अधिकारक्षेत्राच्या आत राहून आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने काम केलं का, एवढंच पाहिलं जातं.

यातूनच बाकीचे फरक निघतात. अपील हा पक्षकाराचा हक्क आहे, पण कायद्याने दिला असेल तरच. कायद्यात अपील लिहिलेलं नसेल तर ते नाही. गरिकपाटी वीरय्या वि. सुब्बय्या चौधरी (१९५७) या निकालानुसार हा हक्क दावा दाखल झाला त्या दिवशीच पक्षकाराच्या पदरात पडतो. पुनरीक्षण हा हक्क नाही. तो उच्च न्यायालयाचा अधिकार आहे. म्हणून कोणी अर्ज केला नाही तरी न्यायालय स्वतःहून तो वापरू शकतं, आणि अर्ज केला तरी चूक दुरुस्त करायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नसतं.

२. हातात निकाल आहे. कोणता उपाय, हे ठरवायला सुरुवात कुठून करायची?

‘चूक काय झाली?’ इथून सुरुवात करू नका. बहुतेक चुकीची उत्तरं तिथूनच येतात. आधी हातातला कागद काय आहे ते ठरवा. तो तीनपैकी एक असतो.

एक, हुकूमनामा. कलम २(२) प्रमाणे ज्याने पक्षकारांचे हक्क अंतिमपणे ठरतात, तो. त्यावर कलम ९६ खाली पहिलं अपील. वाटपाच्या दाव्यातला प्राथमिक हुकूमनामा यातच मोडतो. त्याच्यावर वेळेत अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो बरोबर नव्हता असं म्हणता येत नाही (कलम ९७). वाटपाच्या दाव्यात ही चूक फार महागात पडते.

दोन, अपीलयोग्य हुकूम. त्यांची यादी कलम १०४ आणि ऑर्डर ४३ रूल १ मध्ये आहे. तात्पुरता मनाई हुकूम दिला किंवा नाकारला, वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत केलं, एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला नकार दिला, हे त्यातले नेहमी लागणारे. त्या अपिलाच्या निकालावर दुसरं अपील नाही. कलम १०४(२) तसं स्पष्ट सांगतं.

तीन, उरलेले सगळे हुकूम. त्यांच्यावर अपील नाही. पुनरीक्षणाचा विचार फक्त याच गटात करायचा, आणि तोही प्रश्न ४ मधली चाळणी लावून.

पुनर्विलोकन या वर्गवारीला आडवं जातं. तिन्ही प्रकारच्या कागदांवर ते मागता येतं, फक्त कारण ऑर्डर ४७ मध्ये बसायला हवं आणि त्या पक्षकाराने आधी अपील केलेलं नसावं.

३. ऑर्डर ७ रूल ११ च्या अर्जावर अपील होतं की पुनरीक्षण? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

दोन्ही बरोबर आहेत. अर्जाचा निकाल काय लागला त्यावर उपाय ठरतो. हे उदाहरण नीट समजलं की विषयाचा निम्मा भाग हाती येतो, म्हणून थोडं सविस्तर पाहू.

समजा, मुंबई नगर दिवाणी न्यायालयात २०२१ साली दावा दाखल झाला. वादी म्हणतो, २००९ चं खरेदीखत फसवणुकीने करून घेतलं, ते रद्द करा. वादपत्रातच तो लिहितो की फसवणूक त्याला २०१० साली कळली. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे दस्त रद्द करून मागायला वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. प्रतिवादी ऑर्डर ७ रूल ११(ड) चा अर्ज देतो: वादपत्रावरूनच दावा मुदतबाह्य दिसतो, सबब वादपत्र नामंजूर करा.

अर्ज मंजूर झाला आणि वादपत्र नामंजूर झालं, तर कलम २(२) मधल्या व्याख्येनुसार वादपत्राची नामंजुरी हुकूमनामाच मानली जाते. वादीने कलम ९६ खाली उच्च न्यायालयात पहिलं अपील करायचं. अपील आहे म्हटल्यावर कलम ११५(२) मुळे पुनरीक्षणाचा रस्ता बंद.

अर्ज फेटाळला, तर दावा चालू राहतो. कोणाचाही हक्क ठरलेला नाही, म्हणून हुकूमनामा नाही. ऑर्डर ४३ च्या यादीतही हा हुकूम नाही, म्हणून अपील नाही. आता कलम ११५ चं परंतुक लावा: हाच हुकूम प्रतिवादीच्या बाजूने झाला असता तर दावा कायमचा संपला असता का? हो, संपला असता. म्हणून प्रतिवादीचा दिवाणी पुनरीक्षण अर्ज चालतो.

तोच अर्ज, तेच न्यायालय, पण हरणारा बदलला की उपाय बदलतो. परीक्षेत ‘ऑर्डर ७ रूल ११ वर अपील होतं’ एवढंच लिहिलं तर अर्धंच उत्तर होतं.

४. २००२ नंतर पुनरीक्षण जवळजवळ संपलं असं म्हणतात. म्हणजे नक्की काय झालं?

१९९९ ची दुरुस्ती १ जुलै २००२ पासून अंमलात आली. तेव्हापासून परंतुक असं आहे की, अर्जदाराच्या बाजूने हुकूम झाला असता तर ज्याने दावा किंवा कार्यवाही अंतिमपणे निकाली निघाली असती, अशाच हुकुमात उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात हात घालायचा. शिवशक्ती सहकारी गृहनिर्माण संस्था वि. स्वराज डेव्हलपर्स (२००३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चाळणी स्पष्ट केली.

व्यवहारात ती अशी लागते. कैफियतीत दुरुस्ती नाकारली? दुरुस्ती मिळाली असती तरी दावा चालूच राहिला असता. पुनरीक्षण नाही. साक्षीदाराला परत बोलवायला नकार? नाही. दस्तऐवज दाखल करायला उशीर झाला म्हणून परवानगी नाही? नाही. दरखास्तीत ऋणकोने कलम ४७ खाली घेतलेली ‘हुकूमनामा बजावता येण्यासारखा नाही’ ही हरकत फेटाळली? ती मान्य झाली असती तर दरखास्तच संपली असती. म्हणून पुनरीक्षण चालतं.

चाळणी पार केली तरी काम संपत नाही. कलम ११५(१) मधल्या तीनपैकी एक दोष दाखवावा लागतो: नसलेला अधिकार वापरला, असलेला अधिकार वापरला नाही, किंवा अधिकार वापरताना बेकायदा अथवा ठळक अनियमितपणे वागलं. न्यायालयाने पुराव्याचं वजन चुकीचं केलं, हा यातला दोष नव्हे.

ज्या हुकुमावर अपीलही नाही आणि पुनरीक्षणही नाही, त्याला दोन वाटा उरतात. पहिली कलम १०५(१) ची: त्या हुकुमाचा निकालावर परिणाम झाला असेल तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो एक मुद्दा म्हणून घ्यायचा. दुसरी संविधानाच्या अनुच्छेद २२७ ची रिट याचिका. दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक हुकुमाविरुद्ध अनुच्छेद २२६ चालत नाही, हे राधेश्याम वि. छबीनाथ (२०१५) मध्ये ठरलं आहे. तरीही याचिकांच्या मथळ्यावर दोन्ही अनुच्छेद सवयीने लिहिले जातात. उत्तरपत्रिकेत तसं लिहू नका.

५. पुनर्विलोकनासाठी ‘नोंदीवरून उघड दिसणारी चूक’ म्हणजे कोणती?

जी दाखवायला लांब युक्तिवाद लागत नाही ती. पार्सन देवी वि. सुमित्री देवी (१९९७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: विचारप्रक्रियेने शोधून काढावी लागते ती चूक उघड दिसणारी नव्हे.

पैशाच्या दाव्याचं उदाहरण घेऊ. वादीने १८ लाख मागितले. उलटतपासात त्याने कबूल केलं की दावा लावल्यानंतर ५ लाख मिळाले. पुढे चार वेगवेगळ्या परिस्थिती पाहा.

न्यायनिर्णयात त्या कबुलीचा उल्लेखच नाही आणि हुकूमनामा १८ लाखांचा झाला. साक्षीचं पान उघडलं की चूक समोर येते. पुनर्विलोकन चालेल.

न्यायनिर्णयात लिहिलं आहे, ‘५ लाख वजा करून १३ लाख देय,’ पण शेवटच्या हुकुमात १८ लाख पडले. ही लेखनाची चूक आहे. तिला पुनर्विलोकन लागत नाही; कलम १५२ चा साधा अर्ज पुरतो आणि तो केव्हाही देता येतो. ३० दिवस उलटले म्हणून घाबरलेल्या पक्षकाराला हे सांगणं फार मोलाचं असतं.

न्यायाधीशांनी कबुली वाचली, पण ती दुसऱ्या व्यवहाराबद्दल आहे असा अर्थ काढला. हा अर्थ चुकीचा असू शकेल, पण ते त्यांचं मत आहे. उपाय अपील.

निकालानंतर सहा महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याच्या मुद्द्यावर वेगळा निर्णय दिला. ऑर्डर ४७ रूल १ च्या स्पष्टीकरणानुसार हे पुनर्विलोकनाचं कारणच नाही.

उघड चूक आणि नवा पुरावा यांनंतरचं तिसरं कारण ‘अन्य पुरेसं कारण’ असं आहे. तिथे काहीही घालता येतं असं समजू नका. ते पहिल्या दोन कारणांशी मिळतंजुळतं असावं लागतं, हे प्रिव्ही कौन्सिलने छज्जूराम वि. नेकी (१९२२) मध्ये सांगितलं आणि न्यायालयं आजही तेच पाळतात.

६. निकालानंतर नवा पुरावा सापडला. पुनर्विलोकन मागू की अपिलात देऊ?

दोन्ही शक्य आहे, पण कसोटी वेगळी आहे. पुनर्विलोकनासाठी दाखवावं लागतं की योग्य ती खबरदारी घेऊनही हा पुरावा निकालाआधी माहीत नव्हता किंवा सादर करता आला नाही, आणि तो निकालावर परिणाम करणारा आहे. सोसायटीच्या दप्तरात पडून असलेला ठराव दाव्याच्या काळात मागितलाच नव्हता, तर तो ‘सापडला’ असं म्हणता येणार नाही. दप्तर कधी मागितलं, काय उत्तर आलं, कागद कसा आणि कोणत्या तारखेला हाती आला, हे शपथपत्रात लिहावं लागतं. बहुतेक अर्ज इथेच पडतात.

अपिलात ऑर्डर ४१ रूल २७ आहे. तिथेही खबरदारीची अट आहे, पण शिवाय एक जास्तीची वाट आहे: न्यायनिर्णय देण्यासाठी अपील न्यायालयालाच तो पुरावा हवासा वाटला तर ते घेऊ शकतं. निकालावर इतरही हरकती असतील तर अपील करून त्यातच हा अर्ज द्यावा. सगळी तक्रार त्या एका कागदापुरती असेल तरच पुनर्विलोकन सोयीचं.

७. अपील आणि पुनर्विलोकन एकाच वेळी चालू शकतात का?

एकाच पक्षकाराने आधी अपील दाखल केलं असेल तर त्याला पुनर्विलोकन मागता येत नाही. पुनर्विलोकन आधी दाखल करून नंतर अपील केलं, तर अर्ज तेवढ्याने बाद होत नाही. पण अपिलाचा गुणदोषांवर निकाल लागला की मूळ हुकूमनामा अपिलाच्या हुकूमनाम्यात विलीन होतो आणि पुनर्विलोकन करायला काही उरत नाही. दुसऱ्या पक्षकाराने अपील केलं असेल, तर अपील न केलेल्याला पुनर्विलोकन मागता येतं. अपवाद दोन: दोघांचं कारण एकच असेल, किंवा प्रतिसादक म्हणून तो आपली बाजू त्या अपिलातच मांडू शकत असेल (ऑर्डर ४७ रूल १(२)).

एक इशारा. पुनर्विलोकन प्रलंबित आहे म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. तो काळ विलंबमाफीचं कारण म्हणून सांगता येतो, पण माफी मिळेलच याची खात्री नाही.

८. पुनर्विलोकनाच्या हुकुमावर पुढे काय?

अर्ज फेटाळला तर त्या हुकुमावर अपील नाही. मूळ हुकूमनाम्यावर मात्र मुदतीत अपील करता येतं. अर्ज मंजूर झाला तर समोरच्याला ऑर्डर ४३ रूल १(डब्ल्यू) खाली लगेच अपील करता येतं किंवा शेवटच्या अपिलात हरकत घेता येते. पुनर्विलोकनाचं पुनर्विलोकन नाही (ऑर्डर ४७ रूल ९).

९. गिरगावातल्या भाडेकरूविरुद्ध ताबा मिळाला. आता उच्च न्यायालयात दुसरं अपील ना?

नाही. मुंबईच्या विद्यार्थ्यांना हे नीट कळायला हवं, कारण इथला क्रम राज्याच्या इतर भागांपेक्षा वेगळा आहे.

घरमालकाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६(१)(जी) खाली स्वतःच्या वाजवी आणि प्रामाणिक गरजेसाठी ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात लावला. ताब्याचा हुकूमनामा झाला. भाडेकरूचं अपील त्याच अधिनियमाच्या कलम ३४ खाली लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जातं, आणि मूळ निकाल देणारा न्यायाधीश त्या पीठात नसतो. मुदत ३० दिवस. इथे भाडेकरूला पुरावा, गरज, अडचण सगळं पुन्हा मांडता येतं. ही त्याची एकमेव पूर्ण संधी आहे.

पीठाने हुकूमनामा कायम केला, तर पुढे अपील नाही. मग कलम ११५ खाली उच्च न्यायालयात दिवाणी पुनरीक्षण अर्ज. परंतुकाची चाळणी सहज पार होते, कारण भाडेकरूच्या बाजूने निकाल लागला असता तर दावा संपलाच असता.

आता अर्जात काय लिहायचं? ‘मालकाची गरज खोटी आहे’ हा मुद्दा दोन न्यायालयांनी पुराव्यावर फेटाळला आहे. उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तोलत बसणार नाही. पण भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम १६(२) वाचा. तुलनात्मक अडचण पाहिल्याशिवाय, म्हणजे ताबा दिल्याने भाडेकरूला आणि न दिल्याने मालकाला होणारा त्रास आणि कोणाकडे दुसरी वाजवी जागा आहे हे तपासल्याशिवाय, असा हुकूमनामा देताच येत नाही. जागेचा काही भाग दिल्याने भागेल का, हेही तिथेच पाहायचं असतं. पीठाने यावर चकार शब्द लिहिला नसेल, तर कायद्याने घातलेली अट न पाळता अधिकार वापरला असं म्हणता येतं. हा पुनरीक्षणातला मुद्दा आहे. पीठाने अडचणीची चर्चा केली आणि ती भाडेकरूच्या विरुद्ध गेली असेल, तर तो मुद्दा गेला.

म्हणून अपिलाच्या कारणांत तुलनात्मक अडचणीचा स्वतंत्र मुद्दा पहिल्याच टप्प्यात घालावा. तो तिथे न घेतल्याने पुनरीक्षणात अडचण होते: पीठापुढे न मांडलेल्या गोष्टीवर पीठाने लिहिलं नाही, ही तक्रार कशी करणार?

१०. आणि नगर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर?

थेट उच्च न्यायालयात पहिलं अपील. एकल न्यायाधीशाने ते निकाली काढलं तर कलम १००अ मुळे पुढे खंडपीठाकडे अपील नाही, आणि कलम १०० चं दुसरं अपीलही इथे बसत नाही, कारण ते खालच्या अपील न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर असतं. उरतो अनुच्छेद १३६. मुंबईबाहेर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचा हुकूमनामा जिल्हा न्यायालयात जातो आणि नंतर कायद्याचा भरीव प्रश्न असेल तर कलम १०० खाली उच्च न्यायालयात. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतल्या एकल न्यायाधीशाच्या निर्णयावर लेटर्स पेटंटच्या खंड १५ खाली खंडपीठाकडे जाता येतं. कलम ११५ तिथे लागूच नाही, कारण ते दुय्यम न्यायालयांसाठी आहे.

११. मुदत किती आणि मोजायची कशी?

मुदत अधिनियमाप्रमाणे उच्च न्यायालयात अपील ९० दिवस, इतर न्यायालयात ३० दिवस (अनुच्छेद ११६). पुनर्विलोकन ३० दिवस (अनुच्छेद १२४). पुनरीक्षण ९० दिवस (अनुच्छेद १३१).

प्रश्न ९ मधल्या भाडेकरूसाठी मोजू. हुकूमनामा ४ मार्चचा. तो दिवस सोडायचा, म्हणजे ५ मार्च हा पहिला दिवस आणि ३ एप्रिल हा तिसावा. नकलेचा अर्ज १० मार्चला दिला, नक्कल २८ मार्चला तयार झाली. कलम १२ मुदत अधिनियमाप्रमाणे नकलेसाठी लागलेला वेळ वगळतात: १० ते २८ मार्च, दोन्ही दिवस धरून १९ दिवस. ३ एप्रिलनंतर १९ दिवस म्हणजे २२ एप्रिल. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी.

चुका दोन ठिकाणी होतात. ५ ते ९ मार्च हा अर्ज न केल्याचा काळ मिळत नाही. आणि नक्कल २८ तारखेला तयार असताना पक्षकार ८ एप्रिलला घ्यायला गेला, तर मधले दिवसही मिळत नाहीत. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. मोजणी तिथूनच करावी. उशीर झालाच तर तिन्ही उपायांना मुदत अधिनियमाच्या कलम ५ चा विलंबमाफीचा अर्ज देता येतो.

१२. अपील किंवा पुनरीक्षण दाखल केलं की अंमलबजावणी थांबते का?

थांबत नाही. अपिलासाठी ऑर्डर ४१ रूल ५ आणि पुनरीक्षणासाठी कलम ११५(३) हेच सांगतं. स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो: भरीव नुकसान होईल, अर्जाला उशीर झालेला नाही, आणि तारण देण्याची तयारी आहे, हे दाखवून. ताब्याच्या दाव्यात आत्माराम प्रॉपर्टीज वि. फेडरल मोटर्स या निकालानंतर भाडेकरूला स्थगिती हवी असेल तर बाजारभावाच्या जवळ जाणारी दरमहा रक्कम जमा करण्याची अट घातली जाते. जुनं भाडं महिना तीनशे रुपये असलं म्हणून तेवढंच भरून चालेल, असं अशिलाला सांगू नका.

१३. एकतर्फी हुकूमनामा झाला. किती वाटा आहेत?

ऑर्डर ९ रूल १३ खाली तो रद्द करून मागता येतो (समन्स नीट बजावलं नाही किंवा गैरहजेरीला पुरेसं कारण होतं), कलम ९६(२) खाली अपील करता येतं, आणि कारण बसत असेल तर पुनर्विलोकन. क्रम महत्त्वाचा आहे. अपिलाचा निकाल लागला, आणि ते नुसतं मागे घेतलेलं नसेल, तर रूल १३ चा अर्ज चालत नाही. समन्सची तक्रार असेल तर रूल १३ चा अर्ज आधी द्यावा. तो फेटाळला तर त्यावर ऑर्डर ४३ चं अपील आहेच. मूळ हुकूमनाम्याच्या अपिलाची मुदत मात्र तोपर्यंत चालूच राहते, तिच्यावर लक्ष ठेवा.

१४. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील का नाही? फसवून सही घेतली असेल तर?

कलम ९६(३) मुळे संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही आणि ऑर्डर २३ रूल ३अ मुळे नवा दावाही नाही. तडजोड कायदेशीर नव्हती असं म्हणायचं असेल तर ज्या न्यायालयाने ती नोंदवली तिथेच ऑर्डर २३ रूल ३ च्या परंतुकाखाली अर्ज करायचा. पुष्पादेवी भगत वि. राजिंदर सिंग (२००६) मध्ये हाच रस्ता सांगितला आहे.

१५. चुकीचा उपाय निवडला तर सगळं गेलं का?

लगेच नाही. अपील असताना पुनरीक्षण दाखल झालं, तर न्यायालय ते रूपांतरित करायला परवानगी देऊ शकतं, पण कोर्ट फी वेगळी असते आणि मुदतीचा प्रश्न उभा राहतो. सद्भावनेने चुकीच्या जागी घालवलेला वेळ अपिलासाठी मुदत अधिनियमाच्या कलम ५ मध्ये समजावून सांगता येतो. वकिलाने दिलेला सल्ला लेखी असेल, तर तो जोडावा. प्रतिपक्षाने ‘अर्ज चालण्याजोगा नाही’ ही हरकत घेतल्यावरही दोन वर्षं तोच अर्ज रेटला, तर सद्भावना सिद्ध करणं कठीण जातं.

१६. वाणिज्यिक दाव्यात हे नियम तसेच लागतात का?

नाही. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कलम ८ प्रमाणे अंतरिम हुकुमावर पुनरीक्षण नाही, अधिकारक्षेत्राची हरकत फेटाळली असली तरी नाही. ती हरकत शेवटच्या अपिलात घ्यायची. अपील त्याच अधिनियमाच्या कलम १३ खाली, ६० दिवसांत, आणि हुकुमांपैकी ऑर्डर ४३ मध्ये असलेल्यांवरच. म्हणून प्रश्न ३ मधलं प्रतिवादीचं उत्तर वाणिज्यिक दाव्याला जसंच्या तसं लावू नका.

१७. परीक्षेत ‘तिघांत फरक स्पष्ट करा’ आला तर तक्ता काढावा का?

तक्ता काढा, पण उत्तराच्या मध्यभागी, सुरुवातीला नाही. आधी प्रश्न २ मधली वर्गवारी चार-पाच ओळींत लिहा. मग तक्त्यात न्यायालय, कारणं, मुदत, हक्क की अधिकार, पुरावा तपासला जातो का, आणि पुढचा उपाय एवढ्याच रांगा. मग ऑर्डर ७ रूल ११ चं दुहेरी उदाहरण. परीक्षक इथेच थांबून वाचतो, कारण पाठ केलेल्या तक्त्यातून ते येत नाही. शेवटी कलम ११५ च्या परंतुकाचा परिणाम आणि अनुच्छेद २२७. समस्येवरचा प्रश्न असेल तर तक्ता नकोच: कागद कोणता, यादीत आहे का, चाळणी लागते का, मुदत उरली आहे का, या क्रमाने चालत जा आणि प्रत्येक पायरीला कलम लिहा.